बिलावर तीन नावं आणि सहा नंबर: व्हेंडर म्हणून नक्की कोणाला टाकायचं?

प्रश्न: "अकाउंट्समध्ये नवीन आहे, व्हेंडर मास्टरचं काम माझ्याकडे आलंय. जर्मनीच्या एका सप्लायरचं बिल समोर आहे. वर लोगोत एक नाव, खाली बारीक अक्षरात दोन वेगळी नावं, शेवटी पाच-सहा नंबर. त्यांच्या कोटेशनचं लेटरहेडही बिलाशी जुळत नाही. सीनियर म्हणतात लोगोवरचं टाक आणि पुढे जा. पण सिस्टिममध्ये लीगल नेम, रजिस्ट्रेशन नंबर आणि टॅक्स नंबर असे वेगळे रकाने आहेत. कुठलं नाव खरं आणि कुठला नंबर कशात टाकू?"

लोगोवरचं टाकू नका. तुम्हाला अडलंय ते नंबरांमुळे असं वाटतंय, पण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. आधी हे ठरवायचं की हे बिल कायद्याने कोणाचं आहे, म्हणजे उद्या पैसे अडकले किंवा माल खराब निघाला तर पत्र कोणाच्या नावाने जाणार. ते एकदा ठरलं की नंबर आपोआप जागेवर बसतात, कारण प्रत्येक नंबर कोणाचा तरी असतो, आणि ज्याचं बिल त्याचेच नंबर आपल्याला हवे असतात. लोक उलटं करतात, आधी ठळक दिसणारा नंबर उचलतात आणि मग त्याला नाव चिकटवतात, आणि मग नाव एका कंपनीचं नि नंबर दुसऱ्या कंपनीचा अशी एंट्री वर्षानुवर्षं सिस्टिममध्ये पडून राहते. मी परचेस आणि व्हेंडर मास्टरमध्येच काम केलंय, आणि जुना डेटा साफ करायला बसलं की सगळ्यात जास्त हीच भानगड सापडते.

एक आधीच सांगतो, सगळ्या देशांना लागू होईल असा एकच नियम नाहीये. कागदावर काय छापायचं हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. काही देशात फूटरमध्ये सगळी कुंडली असते, काही देशात जवळपास काहीच नसतं. त्यामुळे तुमचं जर्मन बिल धरूनच सांगतो, त्यात नेमका तो सापळा आहे ज्यात चांगले अनुभवी लोकही अडकतात, आणि मग बाकी देशांचं जेवढं कामाचं तेवढं बोलू.

पहिलं, कागद खालून वर वाचा. लोगो म्हणजे ब्रँड, तो मार्केटिंगवाले ठरवतात, आणि एकच लोगो एका ग्रुपच्या चाळीस कंपन्या वापरत असू शकतात. खालची बारीक अक्षरं मात्र कोणी हौसेने छापत नाही, ती कायद्याने छापावी लागतात. जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीने व्यवसायाच्या पत्रावर कंपनीचा प्रकार, नोंदणीचं गाव, कंपन्यांचं रजिस्टर ठेवणारं कोर्ट, रजिस्टर नंबर आणि सगळ्या मॅनेजिंग डायरेक्टरांची नावं द्यायची असतात. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत नाव, ब्रिटनच्या कुठल्या भागात नोंदणी झाली, नंबर आणि रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पत्रांवर आणि बिलांवर नाव, रजिस्टर्ड ऑफिस, सीआयएन, फोन, ईमेल हे सगळं यायला हवं. म्हणजे तुम्हाला हवी ती माहिती बहुतेक वेळा कागदावरच असते, फक्त सगळ्यात लहान फाँटमध्ये असते.

दुसरं, लीगल नेम ओळखायचं ते शेपटावरून. नावाच्या शेवटी कंपनीचा प्रकार सांगणारे शब्द असतात, लिमिटेड, प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी, जीएमबीएच, एजी, एसएआरएल, बीव्ही, इन्कॉर्पोरेटेड वगैरे. ही शेपटी नावाचाच भाग आहे, ती कापून ठेवायची नाही. शेपटी नसलेलं नाव दिसलं तर बहुतेक वेळा दोन शक्यता, एकतर तो ब्रँड आहे किंवा ती कंपनीच नाही, साधी भागीदारी फर्म आहे किंवा एकटा माणूस धंदा करतोय आणि मग कायद्याच्या नजरेत नाव त्या माणसाचं आहे. आणि एकाच कागदावर शेपटीवाली दोन नावं दिसली तर थांबायचं. तुमच्या बिलावर तेच झालेलं दिसतंय.

तुम्ही बिल टाकलं नाहीये, पण तुम्ही सांगताय त्यावरून खालचा भाग साधारण असा असणार. नावं आणि नंबर मी मुद्दाम खोटे टाकलेत, रचना खरी आहे:

```
XYZ Technik GmbH & Co. KG
Sitz Köln, Amtsgericht Köln, HRA 00001
Persönlich haftende Gesellschafterin:
XYZ Verwaltungs-GmbH
Sitz Köln, Amtsgericht Köln, HRB 00002
Geschäftsführer: ...
USt-IdNr. DE000000000   Steuer-Nr. 000/0000/0000
IBAN DE00 0000 ...      BIC ...
```

आता हे ओळीओळीने बघू. पहिल्या नावाच्या शेवटी काय आहे? केजी. म्हणजे ही भागीदारी आहे, ज्यात निदान एक भागीदार अमर्याद जबाबदार असावा लागतो आणि बाकीचे त्यांच्या ठरलेल्या रकमेपुरतेच. आता कुठला माणूस स्वतःहून अमर्याद जबाबदारी घेईल, म्हणून तिथे माणसाच्या जागी एक जीएमबीएच बसवतात, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनीच ती अमर्याद जबाबदार भागीदार होते. म्हणून नावात जीएमबीएच आणि केजी दोन्ही दिसतात. तिसऱ्या ओळीतला तो लांबलचक जर्मन शब्दसमूह हेच सांगतोय, की खाली जिचं नाव आहे ती वैयक्तिक जबाबदार भागीदार आहे. अशा भागीदारीत कोणी माणूस अमर्याद जबाबदार नसेल तर त्या भागीदार कंपनीची माहितीपण छापावी लागते, म्हणून दुसरं नाव कागदावर येतं. ते नाव बिल देणाऱ्याचं नाही. माल विकला केजीने, पैसे घ्यायचेत केजीला, करार असेल तर तो केजीशी. ती फेरवाल्टुंग्स जीएमबीएच बहुतेक वेळा फक्त कारभार बघायला काढलेली असते, तिचा स्वतःचा धंदा नसतो.

चूक कशी होते तर, माणसाला जीएमबीएच हे अक्षर ओळखीचं असतं, तो फूटरमध्ये स्वच्छ जीएमबीएचने संपणारं नाव शोधतो आणि दुसरं नाव सापडतं, ते दिसायलाही जास्त कंपनीसारखं दिसतं, आणि डायरेक्टरांची नावंही त्याच्याच खाली असतात. झालं, एचआरबी नंबर सिस्टिममध्ये गेला. काही जण नाव बरोबर घेतात पण नंबर खालचा उचलतात, ते तर आणखी वाईट कारण वरवर बघून कळतच नाही.

हे पकडायला एक सोपी तपासणी आहे. जर्मन व्यापारी रजिस्टरचे दोन विभाग आहेत. ए विभागात एकट्याने धंदा करणारे व्यापारी आणि भागीदाऱ्या, बी विभागात जीएमबीएच आणि एजीसारख्या कंपन्या. त्यामुळे केजीने संपणाऱ्या नावासोबत एचआरए नंबरच हवा आणि नुसत्या जीएमबीएचने संपणाऱ्या नावासोबत एचआरबीच हवा. नाव केजी आणि नंबर एचआरबी अशी जोडी दिसली की एंट्री चुकलीय, आणखी काही शोधायची गरज नाही. आमच्याकडे जुना डेटा तपासताना हा फिल्टर लावला की लगेच चुका वर येतात.

आणखी एक गोष्ट, हा रजिस्टर नंबर एकटा पुरत नाही. तोच आकडा दुसऱ्या कोर्टाच्या रजिस्टरमध्ये दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो. त्यामुळे कोर्टाचं नाव धरूनच नंबर लिहायचा, "क्यॉल्न, एचआरए अमुक" असा पूर्ण. रकान्यात जागा कमी आहे म्हणून कोर्ट गाळलं तर तो नंबर निरुपयोगी. कंपनीने गाव बदललं आणि नोंदणी दुसऱ्या कोर्टाकडे गेली तर नंबरही बदलतो, हे लक्षात ठेवा, नाहीतर नवीन बिल आल्यावर वाटतं की कंपनीच वेगळी आहे.

आता टॅक्स नंबर. तुमच्या फूटरमध्ये दोन असतील. डीई आणि नऊ आकडे असलेला तो व्हॅट नंबर, आणि तिरक्या रेघा असलेला तो स्थानिक टॅक्स ऑफिसने दिलेला नंबर. जर्मन कायद्यात बिलावर या दोघांपैकी एक असला तरी चालतो, म्हणून कधी एकच दिसेल. दोन्ही असतील तर तुमच्या टॅक्स नंबरच्या रकान्यात डीईवाला टाका. स्थानिक नंबर टॅक्स ऑफिस बदललं की बदलतो, आणि तो बाहेरच्या माणसाला कुठे तपासताही येत नाही. डीईवाला युरोपियन युनियनच्या व्हीआयईएस या साइटवर तपासता येतो. पण इथे एक मर्यादा आहे जी माहीत नसल्यामुळे लोक उगाच खूश होतात. जर्मन नंबर टाकला की ती साइट फक्त "वैध" एवढंच सांगते, नाव-पत्ता दाखवत नाही. म्हणजे नंबर जिवंत आहे हे कळलं, तो तुमच्या केजीचाच आहे हे नाही कळलं. इतर बऱ्याच देशांचं नाव दिसतं तिथे, जर्मनीचं दिसत नाही. त्यामुळे नाव पक्कं करायला रजिस्टरच बघायचं, handelsregister.de वर, तिथे ऑगस्ट २०२२ पासून माहिती बघायला पैसे लागत नाहीत. कोर्ट, विभाग आणि नंबर टाकला की नाव समोर येतं, ते अक्षरनअक्षर जसं आहे तसंच आपल्याकडे उतरवायचं.

उरलेले आकडे, आयबॅन आणि बीआयसी, हे बँकेचे. ते ओळख नंबर नाहीत. बिलावर सप्लायरचं नाव एक आणि पैसे भरायच्या खात्याचं नाव तिसरंच, असंही दिसेल, कारण काही कंपन्या आपली येणी एखाद्या फायनान्स कंपनीला विकतात आणि पैसे थेट तिकडे भरायला सांगतात. अशावेळी व्हेंडर तोच राहतो, फक्त पेमेंटचा पत्ता बदलतो, तिथे त्या फायनान्स कंपनीला व्हेंडर म्हणून टाकायचं नाही. आणि खात्याचं नाव वेगळं असेल तर पैसे सोडायच्या आधी जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर विचारायचं, बिलावरच्या नव्या नंबरवर नाही. फूटरमधली सगळी नावं-नंबर खरे आणि खातं तेवढं बदललेलं, असं बनावट बिल अगदी सहज तयार होतं कारण ही माहिती सार्वजनिक रजिस्टरमध्ये कोणालाही मिळते. म्हणजे नंबर बरोबर असणं हे कंपनी अस्तित्वात असल्याचा पुरावा आहे, बिल त्यांनीच पाठवल्याचा नाही.

तुम्ही नवीन आहात म्हणून आता थोडं जर्मनीच्या बाहेरचं, कारण पुढचं बिल दुसरीकडचं येणार. मी नंबरांकडे बघताना मनात एकच विचारतो, हा नंबर कोणी दिला आणि कशाला दिला. कंपनी जन्माला आली तेव्हा रजिस्टरने दिला तो एक, कर भरायला दिला तो दुसरा, आणि एका शाखेला किंवा एका जागेला दिला तो तिसरा. या तीन जातींच्या बाहेरचं जे काही असेल, सर्टिफिकेटचा नंबर, भांडवलाची रक्कम, धंद्याच्या वर्गाचा कोड, ते व्हेंडर मास्टरसाठी नाही.

हे शिकायला फ्रेंच बिल सगळ्यात चांगलं, कारण तिथे हे नंबर एकमेकांच्या पोटात असतात आणि कागद स्वतःच स्वतःची साक्ष देतो. बघा:

```
SIREN   123 456 782
SIRET   123 456 782 00010
TVA     FR 11 123456782
APE     0000X
```

वरचा नऊ आकडी नंबर कंपनीचा. त्याच्याच पुढे पाच आकडे जोडले की चौदा आकडी नंबर होतो, तो त्या कंपनीच्या एका विशिष्ट जागेचा, म्हणजे ऑफिस, कारखाना, गोडाऊन जे काय असेल. आणि एफआर, दोन आकडे, आणि परत तेच नऊ आकडे, हा व्हॅट नंबर. म्हणजे तीन नंबर दिसले तरी माहिती एकच आहे. तिन्हीतले नऊ आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर टायपिंगची चूक आहे किंवा कागदावर दोन कंपन्या मिसळल्यात. शेवटचा कोड धंद्याचा प्रकार सांगतो, तो हजारो कंपन्यांचा सारखाच असतो, तो ओळख नंबर म्हणून टाकलेला मी पाहिलाय, म्हणून मुद्दाम सांगतो.

व्हॅटमधले ते दोन आकडे कुठून येतात तेही सांगतो, कारण कागद-पेन्सिलने तपासता येतं. नऊ आकड्यांच्या संख्येला ९७ ने भागा, उरलेल्या बाकीला ३ ने गुणा, त्यात १२ मिळवा, परत ९७ ने भागून बाकी घ्या.

```
123456782 mod 97 = 32
32 × 3 + 12      = 108
108 mod 97       = 11   → FR 11 123456782
```

एक आकडा जरी चुकला तरी हे जुळत नाही. स्कॅनवरून हाताने उतरवताना ३ चा ८ होतो, तो इथे लगेच सापडतो. अर्थात हिशोब जुळला म्हणजे आकडे नीट उतरवलेत एवढंच, अशी कंपनी खरंच आहे की नाही हे रजिस्टरच सांगणार. मी वर दिलेला नंबर उदाहरणासाठी बनवलाय आणि तोही हिशोबात बसतोच की.

चौदा आकडी नंबरचा घोळ जरा समजून घ्या. व्हेंडर मास्टरमध्ये तो कंपनीचा नंबर म्हणून टाकला तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या गोडाऊनमधून बिल आल्यावर सिस्टिमला वाटतं नवीन व्हेंडर आहे, आणि एकाच कंपनीच्या दोन एंट्र्या होतात, मग एकच बिल दोन्हीकडे चढून दोनदा पैसे जायची पण शक्यता. म्हणून मुख्य रकान्यात नऊ आकडे, जागेचा नंबर असलाच तर पत्त्याच्या पातळीवर.

आपल्याकडच्या जीएसटी नंबरमध्येही हीच गंमत आहे. पंधरा अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे, मग दहा अक्षरांचा पॅन, मग त्या राज्यात त्याच पॅनवरची कितवी नोंदणी ते, मग सहसा झेड, आणि शेवटी तपासणीचं अक्षर.

```
27 XXXPX0000X 1 Z X
```

एकच कंपनी पाच राज्यांत असेल तर पाच जीएसटी नंबर, पण मधला पॅन एकच. म्हणून दोन व्हेंडर एकच आहेत का हे बघायचं असेल तर मधली दहा अक्षरं पडताळा. आणि त्या पॅनचं चौथं अक्षर बघा, त्यातून बरंच कळतं. सी असेल तर कंपनी, एफ असेल तर फर्म किंवा एलएलपी, पी असेल तर व्यक्ती. वरच्या नमुन्यात पी आहे. म्हणजे बिलावर कितीही मोठं "एंटरप्रायझेस" किंवा "इंडस्ट्रीज" छापलेलं असू दे, ते धंद्याचं नाव आहे, लीगल नेम त्या मालकाचं स्वतःचं नाव असणार. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की लीगल नेम आणि ट्रेड नेम असे दोन वेगळे रकाने दिसतात, आपल्या एंट्रीत पहिला हवा, दुसरा शोधायला सोपा म्हणून बाजूला ठेवायचा. आणि बिलावर प्रायव्हेट लिमिटेड लिहिलंय पण चौथं अक्षर पी किंवा एफ आहे, तर तिथे थांबा आणि विचारा, कारण ती जोडी जुळूच शकत नाही.

सीआयएन असेल तर तोही वाचता येतो. एकवीस अक्षरं, पहिलं एल किंवा यू म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली की नाही, मध्ये राज्य, मग स्थापनेचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार, शेवटी सहा आकडी नोंदणी नंबर. नावात प्रायव्हेट लिमिटेड असेल तर प्रकाराच्या जागी बहुतेक वेळा पीटीसी दिसतं. लेटरहेडवर "१९७८ पासून आपल्या सेवेत" असं छापलंय आणि सीआयएनमध्ये वर्ष २०१९ आहे, तर त्यात लबाडीच असेल असं नाही, जुन्या फर्मची नंतर कंपनी केली असेल. पण मग तुमच्याकडे जुन्या फर्मच्या नावाने एखादी एंट्री आहे का ते बघा, कारण ती आता वेगळी लीगल व्यक्ती झाली, जुन्याच एंट्रीत नुसतं नाव बदलून चालणार नाही, पॅनही बदललेला असतो.

याच्या उलट, कंपनीने फक्त नाव बदललं असेल तर कंपनी तीच राहते. ब्रिटनमध्ये नाव कितीदाही बदललं तरी कंपनी नंबर तोच असतो. तुम्ही लिहिलंय की लोगोवर एक आणि खाली वेगळं, तर कधी कधी कारण एवढंच असतं की जुने छापलेले लेटरहेड संपवतायत. अशावेळी नंबर धरून रजिस्टर उघडायचं, ब्रिटनचं कंपनीज हाऊस तर आधीची नावंही तारखांसकट दाखवतं, लगेच उलगडा होतो. म्हणूनच मी नावापेक्षा रजिस्टर नंबरला जास्त मान देतो, नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं, कोणी अँड लिहितं कोणी चिन्ह टाकतं, जर्मनीतल्यासारखं कोर्ट बदललं नाही तर नंबरचं तसं नसतं.

ब्रिटनवरून एक सूचना. तिथला कंपनी नंबर आठ अक्षरी असतो आणि बऱ्याच कंपन्यांचा शून्याने सुरू होतो, स्कॉटलंडचा एससीने, उत्तर आयर्लंडचा एनआयने. एक्सेलमध्ये तो आकडा म्हणून टाकला की पुढचं शून्य गायब. फाइल उघडायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर सात आकडी नंबर घेऊन शोधत बसाल. आणि व्हॅट नंबरवर तिथे पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण एका ग्रुपच्या अनेक कंपन्या मिळून एकच व्हॅट नोंदणी घेऊ शकतात. मग ग्रुपमधल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या बिलांवर व्हॅट नंबर सारखाच, कंपनी नंबर मात्र वेगवेगळे. टॅक्स नंबर सारखा दिसला म्हणून दोन एंट्र्या एकत्र केल्या तर चूक होईल. टॅक्स नंबरवरून कंपनी ठरवायची नाही असं मी म्हणतो ते यामुळेच.

अमेरिकेचं बिल आलं तर फूटर शोधत बसू नका, तिथे असं सगळं छापायची पद्धत नाही, लोगो, पत्ता आणि बिल नंबर एवढ्यावर बिल येतं. तिथे सरळ डब्ल्यू-नाइन फॉर्म मागायचा. त्यात पहिल्या ओळीत कायदेशीर नाव असतं, दुसऱ्या ओळीत धंद्याचं नाव वेगळं असेल तर ते, आणि खाली टॅक्स नंबर, कंपनीचा असेल तर दोन आकडे, आडवी रेघ, सात आकडे असा. पण कंपन्यांची नोंदणी राज्यवार असते, त्यामुळे हुबेहूब तेच नाव दोन राज्यांत दोन वेगळ्या कंपन्यांचं असू शकतं, कुठल्या राज्यात नोंदणी आहे तेही विचारून ठेवा.

आता बिल आणि लेटरहेड जुळत नाहीत त्याबद्दल. दोन्ही कागद तुमच्याकडे आहेत हे उलट चांगलं आहे. बिलाचे नियम मुख्यतः टॅक्सचा कायदा ठरवतो म्हणून तिथे टॅक्स नंबर हमखास मिळतो, पत्राचे नियम कंपनी कायदा ठरवतो म्हणून रजिस्टरची माहिती तिथे जास्त पूर्ण असते. दोन्ही शेजारी ठेवून बघा की रजिस्टर नंबर एकच आहे का. एकच असेल तर एकच कंपनी, नावातला फरक छपाईचा किंवा नाव बदलल्याचा. वेगळे असतील तर कोटेशन एका कंपनीने दिलं आणि बिल दुसरीने पाठवलं असं झालंय, ग्रुप कंपन्यांत हे सारखं होतं. मग तुमची परचेस ऑर्डर कोणाच्या नावाने गेली होती ते काढा. ऑर्डर एकीला आणि बिल दुसरीचं असेल तर ते एंट्रीपुरतं मिटवायचं प्रकरण नाही, परचेसकडे परत पाठवा, ऑर्डर दुरुस्त होईल किंवा बिल बदलून येईल.

तर तुमच्या केसमध्ये मी असं करेन. लीगल नेममध्ये केजीने संपणारं पूर्ण नाव, मधलं चिन्ह आणि टिंब जिथल्या तिथे ठेवून. शोधायच्या नावात लोगोवरचं, म्हणजे सीनियरांना हवं ते नावही वाया जात नाही आणि त्यांना शोधताना सापडेल. रजिस्ट्रेशन नंबरमध्ये कोर्टासकट एचआरए. टॅक्स नंबरमध्ये डीईवाला, मधे मोकळी जागा न सोडता. जीएमबीएचचं नाव आणि एचआरबी रिमार्कमध्ये, "जबाबदार भागीदार" असं लिहून, म्हणजे पुढच्या माणसाला प्रश्न पडणार नाही. रजिस्टरची प्रिंट तारखेसकट एंट्रीला जोडा.

आणि फूटरमध्ये केजी नसून दोन सरळ जीएमबीएच असतील, माझा अंदाज चुकला असेल, तर नुसत्या कागदावरून ठरवू नका. सप्लायरला एक मेल टाका, "हे बिल तुमच्या कुठल्या कंपनीने दिलंय, तिचं रजिस्टरमधलं पूर्ण नाव, कोर्ट, रजिस्टर नंबर आणि व्हॅट नंबर कळवा." त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हा प्रश्न नवीन नसतो. उत्तर आलं की तेही रजिस्टरमध्ये बघूनच एंट्री करा, आणि तोपर्यंत तो व्हेंडर पेमेंटसाठी ब्लॉक ठेवा.